दुसरा बिंदू कुठे घेतलात?

पाइपच्या गणितात ऊर्जेचं समीकरण दोन बिंदूंमध्ये लावतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री बहुतेकांचं उत्तर एकाच ठिकाणी घसरतं: दुसरा बिंदू नेमका कुठे, हे ठरवलेलंच नसतं.

कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत वरच्या टाकीतून खालच्या टाकीत पाणी सोडलंय असं धरा. पाण्याच्या पातळ्यांत 3 मीटर फरक, पाइप 5 मीटर लांब, व्यास 50 मिमी, घर्षण गुणांक f = 0.02. दोन्ही बिंदू पाण्याच्या पृष्ठभागावरच घ्या. टाकीचा व्यास 2 मीटर असेल, तर सातत्य समीकरणाने तिथला वेग पाइपमधल्या वेगाच्या 1/1600 येतो, म्हणून तो शून्य धरायला हरकत नाही. दाब दोन्हीकडे वातावरणाचाच. उरतं एवढंच:

3 = (V²/2g)(0.5 + 0.02×5/0.05 + 1)

0.5 पाणी पाइपमध्ये शिरताना होणाऱ्या नुकसानाचे, मधलं पद fL/D घर्षणाचं, शेवटचा 1 खालच्या टाकीत शिरताना वाया जाणाऱ्या गतिज ऊर्जेचा. V = 4.1 मी/से, प्रवाह सुमारे 8 लिटर/से.

पाइप हवेत उघडा सुटत असेल, तर बिंदू त्याच्या तोंडाशी घ्या, उंची तिथूनच मोजा. तेव्हा तो 1 म्हणजे धारेचा स्वतःचा वेगशीर्ष. बाहेर पडण्याचं नुकसान वेगळं नाही. दोन्ही लिहिलेत की कंसात 3.5 ऐवजी 4.5 येतात आणि प्रवाह 12 टक्के कमी निघतो. लांब पाइपमध्ये ही चूक घर्षणाखाली दडून जाते, आखूड पाइपमध्ये लगेच उघडी पडते.

आणि हो, पुस्तकात 4fL/D असेल तर f 0.005 घ्या, 0.02 नव्हे.