कपाट लावण्याचा क्रम: आधी ऋतू, मग प्रसंग, शेवटी वापर

सकाळी कपाट उघडल्यावर आज घालता येतील तेवढेच कपडे समोर दिसले, तर निवडायला दोन मिनिटं पुरतात. त्यासाठी कपडे तीनदा वेगळे करावे लागतात, आणि क्रम चुकला तर सगळं पुन्हा काढावं लागतं. उदाहरणासाठी ठाण्याहून रोज लोकलने ऑफिसला जाणारी बाई घेऊ. तिच्याकडे चार कप्प्यांचं लोखंडी कपाट आहे, एका बाजूला हँगरची दांडी आहे, आणि महिना आहे मे. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलाय.

आधी ऋतू

सगळे कपडे पलंगावर काढा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा जुलैमध्ये घालता येईल का? गडद रंगाचे, पातळ, मिश्र धाग्याचे कुर्ते आणि घोट्याच्या वर राहणाऱ्या पँट कपाटात परत जातात. जाड जीन्स, पांढऱ्या सलवारी, रेशमी साड्या आणि स्वेटर बाहेर राहतात. खळ केलेल्या सुती साड्याही बाहेरच, पण त्या तशाच बांधून ठेवू नका. खळ म्हणजे कसरीचं खाद्य. ती धुऊन काढा, साडी कडकडीत वाळवा आणि इस्त्री न करता ठेवा.

रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या की आतला दमटपणा आतच कोंडतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळणं सगळ्यात चांगलं. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. जरीला त्या लागता कामा नयेत, जर काळवंडते.

मग प्रसंग

इथे कपडे सुटे न ठेवता पूर्ण संच करून ठेवायचे. साडी एका कप्प्यात, ब्लाउज दुसऱ्यात आणि परकर कुठेतरी तळाशी, अशी मांडणी असली की हळदीकुंकवाला निघताना अर्धा तास शोधण्यातच जातो. साडी, तिचा ब्लाउज आणि परकर एकाच कापडी कव्हरमध्ये ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: ‘गणपती’, ‘लग्न’, ‘ऑफिसचा कार्यक्रम’. कव्हर बंद करण्याआधी ब्लाउज एकदा घालून बघा. घट्ट होत असेल तर आतल्या शिवणीत माया आहे का ते पाहा, असेल तर आत्ताच उसवून घ्या. गणपतीच्या तोंडावर शिंप्याकडे वेळ नसतो.

एक संच मात्र मी सगळ्यांना आवर्जून ठेवायला सांगते: फिक्या रंगाचा, साधा, इस्त्री केलेला. दुःखाची बातमी आली की माणसाला कपडे शोधायचं बळ नसतं.

शेवटी वापर

आता उरले रोजचे कपडे. किती हवेत ते वाळण्याच्या वेळेवरून ठरवा. पावसाळ्यात सोमवारी घातलेला कुर्ता मंगळवारी धुतला तर घरात दोरीवर वाळायला गुरुवार उजाडतो. इस्त्रीहून तो शनिवारी परत येतो. म्हणजे सोमवार ते शुक्रवार पाच कुर्ते लागतातच, आणि वाळायला एखादा दिवस जास्त लागला तर म्हणून दोन वरचे. सात कुर्ते डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात ठेवले की पुरे. उन्हाळ्यात त्याच दिवशी वाळतात, तेव्हा कमीतही भागतं.

थप्पी लावण्यात एक खोट असते. धुतलेला कपडा आपण वर ठेवतो आणि सकाळी वरचाच उचलतो, त्यामुळे तेच तीन-चार कुर्ते झिजतात आणि खालचे घडीवरच विटतात. म्हणून घड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. घ्यायचं डावीकडून, धुऊन आलेलं ठेवायचं उजवीकडे. डावीकडे आलेला एखादा कुर्ता तुम्ही दर वेळी टाळून पुढचा घेत असाल, तर तो का नको आहे ते बघा. काख घट्ट असेल, ओढणी जुळत नसेल, कापड टोचत असेल. दुरुस्त होण्यासारखं असेल तर करून घ्या, नसेल तर देऊन टाका.

हँगरवरच्या कपड्यांसाठी सगळ्या हँगरचे आकडे सुरुवातीला उलटे अडकवा आणि कपडा वापरून परत ठेवताना सरळ करा. सप्टेंबरअखेर जे आकडे उलटेच राहिले, ते कपडे त्या ऋतूत लागले नाहीत. हा निकष प्रसंगाच्या संचांना लावू नका. लग्नातली साडी वर्षातून एकदाच नेसली जाते, तरी ती हवीच असते.

दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की अदलाबदल करायची. रेशमी साड्या उलगडून सावलीत वाऱ्यावर टाका आणि परत ठेवताना घडी जुन्या रेषेवर न घालता दुसरीकडे मोडा. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं रेशीम तिथेच चिरतं. कपडे बाहेर आहेत तोवर रिकामे कप्पे कोरड्या फडक्याने पुसा आणि दारं दिवसभर उघडी ठेवा. कुबट वास पूर्ण गेल्यावरच पुढचे कपडे आत लावा.