विहिरींचा तक्ता आणि माझं नाव

आमची संस्था बीड जिल्ह्यात पाणलोटाचं काम करते. मी तिथं रुजू झालो त्या वर्षी माझ्याकडे ४२ विहिरींच्या पाणीपातळीचं काम आलं. मे महिन्यात एकदा, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये एकदा मोजायचं, आणि पाणी किती चढलं ते काढायचं.

तक्ता करताना काही आकडे मला खटकले. मे महिन्यात मी कठड्यावरून टेप सोडला होता. ऑक्टोबरमध्ये माझ्यासोबतच्या मुलानं ११ विहिरी जमिनीपासून मोजल्या होत्या. एका विहिरीत पाण्यापर्यंतची खोली मे महिन्यात ९.४ मीटर आणि ऑक्टोबरमध्ये ३.१, म्हणजे पाणी ६.३ मीटर चढल्यासारखं दिसत होतं. कठडा ०.९ मीटर होता. तो वजा केल्यावर खरी वाढ ५.४ निघाली. मग दोन दिवस मोटारसायकलवर हिंडून त्या अकराही विहिरींचे कठडे मोजले आणि तक्ता दुरुस्त केला.

पुढच्या आढावा बैठकीत आमच्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी तोच तक्ता पडद्यावर दाखवला. "मी विहिरींचा डेटा तपासला, अकरा ठिकाणी चूक सापडली," असं ते म्हणाले. मी मागच्या खुर्चीत बसलेलो. कानशिलं तापली, पण मी बोललो नाही, आणि आज वाटतं ते बरंच झालं. दहा माणसांसमोर कुणाचं वाक्य खोडलं की चर्चा विहिरींवरून उठून भांडणावर जाते.

रात्री कोऑर्डिनेटर मॅडमना मेल लिहायला घेतला. पहिल्याच ओळीत "सरांनी माझं काम स्वतःच्या नावावर" असं आलं. मेल तसाच ड्राफ्टमध्ये ठेवला. त्याऐवजी वहीत फक्त तारखा आणि कामं लिहिली: कोणत्या दिवशी कोणत्या गावात मोजलं, कठडे कधी मोजले, तक्ता कधी बदलला. तक्ता गुगल शीटमध्ये असल्यामुळे `Version history` उघडून तारखा जुळवता आल्या. तो इतिहास मी कुणाला दाखवला नाही. माझी स्वतःची आठवण पक्की करायला तो पुरेसा होता. लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली, की विहिरींची निवड आणि नकाशा पूर्णपणे सरांचा होता. ते मी रागात विसरलोच होतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांना एकट्यांना गाठलं.

"सर, कालच्या तक्त्याबद्दल बोलायचं होतं. कठड्याची दुरुस्ती मी केली होती, त्यामुळं त्यावरचे प्रश्न माझ्याकडे आले तर बरं होईल. अहवालात कुणी काय केलं ते लिहू या का?"

"अरे, मी टीमचं म्हणूनच सांगितलं की," ते म्हणाले.

"हो सर. नकाशा आणि निवड तुमची, मोजणी आणि दुरुस्ती माझी, असं लिहितो."

ते जरा थांबले, मग म्हणाले, "लिही."

त्यांच्या मनात काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि ते विचारायचंही नव्हतं. "तुम्ही असं का केलंत" असं विचारलं असतं, तर त्यांना फक्त बचाव करता आला असता. मी त्यांच्यापुढं होकार देता येईल अशी गोष्ट ठेवली.

त्याच दुपारी, बोलणं ताजं असताना, मॅडमना मेल केला आणि सरांना सोबत ठेवलं:

"मॅडम, विहिरींच्या तक्त्यात एक टीप जोडत आहे. विहिरींची निवड व नकाशा सरांनी केला. मे व ऑक्टोबरची मोजणी मी व क्षेत्र सहायकानं केली. ११ विहिरींच्या कठड्यांची उंची मी पुन्हा मोजून आकडे दुरुस्त केले. दुरुस्तीची पद्धत दुसऱ्या पानावर आहे. पुढच्या मोजणीआधी संदर्भबिंदूबाबत काही विचारायचं असल्यास मला कळवावं."

यात "मीच" नाही, "खरं तर" नाही, "बैठकीत सांगितल्याप्रमाणे नव्हे" असंही नाही. हे शब्द आले की सरळ माहितीही तक्रारीसारखी वाचली जाते. शिवाय मेलला कामाचं कारण आहे, कारण पुढच्या वेळी कुठून मोजायचं हे मॅडमना कळणं खरंच गरजेचं होतं. असं कारण मिळत नसेल तर महिन्याच्या अहवालात तीच वाक्यं घाला, वेगळा मेल नको.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा प्रश्न थेट मला आला: प्रत्येक विहिरीवर रंगानं खूण करता येईल का?

एक मर्यादा मात्र सांगतो. हे पहिल्या-दुसऱ्या वेळेला चालतं. तोच माणूस तेच पुन्हा पुन्हा करत असेल, किंवा तुमचं वार्षिक मूल्यांकन त्या कामावर ठरणार असेल, तर टीप जोडून भागत नाही. तेव्हा तारखांची वही घेऊन वरिष्ठांना वेळ मागून भेटावं लागतं. तिथंही सुरुवात "या वर्षी मी काय केलं" इथूनच करा.

पुढच्या मे महिन्यात सरांनीच नवा तक्ता पाठवला. त्यात निवड, मोजणी, दुरुस्ती असे तीन रकाने होते, आणि प्रत्येकाखाली नाव लिहायची जागा.