संध्याकाळी रिले कटकट करतोय? ऑपॅम्प कम्पॅरेटरला हिस्टेरेसिस असा द्या

अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा बऱ्याच जणांनी बनवलेला असतो, एक एलडीआर, एक ऑपॅम्प, एक रिले, झालं. दिवसा मस्त चालतो, रात्री पण मस्त चालतो, पण संध्याकाळी ती मधली दहा-पंधरा मिनिटं असतात ना त्यात रिले कट-कट-कट करत बसतो. कारण साधं आहे. ऑपॅम्प दोन व्होल्टेज कंपेअर करतो आणि त्याचा गेन लाखाच्या घरात असतो, त्यामुळे एलडीआरचं व्होल्टेज रेफरन्सच्या अगदी जवळ आलं की एखादा ढग, अ‍ॅडॉप्टरचा रिपल, काहीही चाललं, आउटपुट लगेच इकडून तिकडे उडी मारतं. यावर कपॅसिटर लावून बघणारे खूप आहेत, त्याने कटकट फक्त संथ होते. खरा इलाज म्हणजे दिवा लागायचं व्होल्टेज वेगळं आणि विझायचं वेगळं ठेवायचं, आणि त्याला लागतो फक्त एक रेझिस्टर.

आपण एलएम३५८ घेऊ, सप्लाय १२ व्होल्ट. पिन ८ ला १२ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड. आता १०के चे दोन रेझिस्टर १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये सिरीजमध्ये लावा आणि मधला पॉइंट पिन ३ ला, म्हणजे प्लस इनपुटला जोडा, हा झाला ६ व्होल्टचा रेफरन्स. एलडीआरचं एक टोक १२ व्होल्टला, दुसरं टोक पिन २ ला, म्हणजे मायनस इनपुटला, आणि पिन २ पासून ग्राउंडला १के आणि १००के चा प्रीसेट सिरीजमध्ये. अंधारात एलडीआरचा रेझिस्टन्स वाढतो, पिन २ चं व्होल्टेज खाली येतं, रेफरन्सच्या खाली गेलं की आउटपुट वर जातं. इथपर्यंत तुमचा जुनाच सर्किट आहे.

आता तो एक रेझिस्टर. पिन १ म्हणजे आउटपुट, तिथून पिन ३ ला १००के लावा. एवढंच. आउटपुट वर असेल तेव्हा तो रेफरन्सला थोडा वर ओढतो, आउटपुट खाली असेल तेव्हा थोडा खाली, म्हणजे दिवा लागल्या लागल्या रेफरन्स स्वतःच एलडीआरपासून लांब सरकतो आणि छोट्यामोठ्या नॉइजला तिथपर्यंत पोचताच येत नाही. हाच पॉझिटिव्ह फीडबॅक, आणि असल्या सर्किटला श्मिट ट्रिगर म्हणतात (ऑटो श्मिट नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३४ मध्ये स्क्विडच्या नर्व्हचा अभ्यास करताना हे शोधलं, तेव्हा अर्थात व्हॉल्व्ह होते).

किती सरकतो ते काढूया, कारण इथेच बहुतेक लोक घसरतात. एलएम३५८ चं आउटपुट पूर्ण १२ पर्यंत जात नाही, दीड व्होल्ट कमी, साधारण १०.५ पर्यंत जातं, खाली मात्र जवळजवळ शून्यापर्यंत येतं. आणि फॉर्म्युल्यात R1 म्हणून १०के घालायचे नाहीत, फीडबॅकला रेफरन्सकडून दिसतात ते दोन १०के पॅरलल, म्हणजे ५के.

```
V+ = (Vref*R2 + Vout*R1) / (R1 + R2)
R1 = 5k, R2 = 100k, Vref = 6V

Vout = 10.5V : (600 + 52.5)/105 = 6.21V
Vout = 0V    : 600/105          = 5.71V
```

म्हणजे पिन २ चं व्होल्टेज ५.७१ च्या खाली गेलं की दिवा लागतो आणि ६.२१ च्या वर गेल्याशिवाय विझत नाही. मधला गॅप अर्धा व्होल्ट, हाच हिस्टेरेसिस. प्रीसेट आणि १के मिळून १०के होत असतील तर एलडीआर साधारण ११के झाला की दिवा ऑन आणि ९.३के पर्यंत उतरला की ऑफ. प्रीसेट फिरवून किती अंधारात लागायचा ते ठरवायचं, गॅपला प्रीसेटशी काही घेणंदेणं नाही, तो फक्त R1 आणि R2 च्या रेशोवर आणि आउटपुट किती हलतं त्यावर आहे. १००के च्या जागी ४७के टाकलात तर गॅप एक व्होल्ट, २२०के टाकलात तर पाव व्होल्टच्या जरा खाली. १ मेग टाकला तर ५० मिलिव्होल्टच उरतात, मला तरी या कामाला ते कमी वाटतात.

रिले लावायच्या आधी चेक करा. एलडीआर काढा, एका १०के पॉटची दोन टोकं १२ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली पिन २ ला, आणि पिन १ ला २.२के मधून एलईडी. मल्टिमीटर पिन ३ वर ठेवा, तिथे थ्रेशोल्ड डायरेक्ट वाचता येतो. पॉट सावकाश फिरवा, एलईडी चालू असताना ६.२ च्या आसपास दिसेल आणि एलईडी विझला की तोच आकडा टपकन ५.७ वर पडेल. आकडे थोडे इकडेतिकडे असतील तर टेन्शन नको, अ‍ॅडॉप्टर १२.३ देत असेल, रेझिस्टर ५ टक्क्यांचे असतील, पण दोन आकड्यांमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या जवळ यायला हवा. फरक दिसतच नाही आणि पिन ३ सहावर हलत नाही, तर १००के कुठेतरी सुटलाय. आउटपुट शून्य किंवा १०.५ न दाखवता मध्येच कुठेतरी लटकतंय तर बहुतेक पिन २ आणि ३ ची अदलाबदल झालीये, मग तो फीडबॅक निगेटिव्ह होतो आणि ऑपॅम्प अ‍ॅम्प्लिफायरसारखा वागायला लागतो.

मग ट्रान्झिस्टर. पिन १ पासून ४.७के मधून बीसी५४७ च्या बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर आणि १२ व्होल्टमध्ये रिलेची कॉइल (४०० ओहमची असेल तर ३० मिलिअँप, आरामात झेपतं), कॉइलला उलटा १एन४००७. फीडबॅकचा १००के ४.७के च्या अलीकडून, थेट पिन १ वरूनच घ्या. बेसवरून घेतलात तर बेस ०.७ च्या वर जातच नाही, मग अर्ध्या व्होल्टचा हिस्टेरेसिस ३३ मिलिव्होल्टवर येतो आणि तुम्ही विचार करत बसता की रेझिस्टर तर लावलाय मग कटकट का. एलएम३५८ ऐवजी घरात पडलेला ७४१ पण टाकू नका, सिंगल सप्लायवर त्याचं आउटपुट शून्यापर्यंत उतरत नाही, व्होल्ट-दीड व्होल्ट उरतंच, आणि रिले सुटतच नाही. एलएम३९३ चालतो, पण त्याला आउटपुटवर पुल-अप लागतो आणि तो पुल-अप फीडबॅकच्या रेझिस्टरमध्ये मिळवून हिशोब करावा लागतो. दुसरा ऑपॅम्प वापरत नसाल तर पिन ६ आणि ७ जोडा, पिन ५ ग्राउंडला.

एवढं सगळं बरोबर करूनही रिले कटकट करत असेल तर दिव्याकडे बघा. दिवा लागला, त्याचा उजेड एलडीआरवर पडला, सर्किटला वाटलं सकाळ झाली, विझवला, परत अंधार, परत लावला. ओळखायचं सोपं आहे, एलडीआरवर हात धरून दिव्याचा उजेड अडवा, कटकट थांबली तर हेच कारण. अशा वेळी हिस्टेरेसिस वाढवत बसू नका, दिव्याच्या उजेडाला पुरेल एवढा गॅप ठेवलात तर सकाळी चांगलं उजाडलं तरी दिवा चालूच राहील. एलडीआर दिव्याकडे पाठ करून आकाशाकडे वळवा, वरून काळ्या नळीचा छोटा तुकडा घाला. आणि रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद.