विंचू चावलेलं लहान मूल: दुखणं थांबलं तरी हातपाय चाचपत राहा

विंचू चावल्यावर घरातली मोठी माणसं मुलाला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारतात, "अजून दुखतंय का रे?" कळ थांबली की विष उतरलं, असा हिशेब पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो बहुतेक वेळा खराही ठरतो. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या बाबतीत मात्र याच हिशेबाने घात होतो. तिथे कळेपेक्षा हातापायांच्या गारपणाकडे लक्ष द्यायचं असतं.

कोणता विंचू, आणि विष करतं काय

पुणे जिल्ह्यात भोर, मुळशी, मावळ, जुन्नर, आंबेगाव अशा डोंगराळ आणि मुरमाड भागात लाल विंचू सापडतो. तो आकाराने फार मोठा नसतो. रंग तांबूस ते पिवळट तपकिरी, आकडे बारीक आणि शेपटी मात्र जाड. मोठा, काळा, जाडजूड आकड्यांचा विंचू, ज्याला बरेच जण इंगळी म्हणतात, दिसायला भयंकर असतो आणि त्याची कळ जीवघेणी वाटते, सूजही येते. पण जिवावर बेतण्याचा धोका लहानखुऱ्या लाल विंचवाकडून जास्त. म्हणूनच "केवढासा तर होता" हे ऐकून निर्धास्त होऊ नये.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंवर काम करतं. मज्जातंतूतून संदेश जाताना बारीक दारं उघडतात आणि लगेच मिटतात. विषामुळे ती मिटेनाशी होतात, संदेश थांबत नाहीत आणि अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. आधी उलट्या होतात, घामाने अंग थबथबतं, तोंडातून लाळ गळते. मुलगा असेल तर त्याचं लिंग ताठ होऊन तसंच राहतं. ही खूण घरचे लाजेने सांगत नाहीत, पण डॉक्टरांसाठी ती फार मोलाची आहे. मग हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून पंजे आणि पावलं गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबलं की फुप्फुसांत पाणी उतरतं. मूल खोकायला लागतं, धापा टाकतं, तोंडाला गुलाबी फेस येतो. या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचायला काही वेळा अर्धा तास पुरतो, काही वेळा सहा-आठ तास लागतात.

लहान मुलालाच जास्त का

विंचू समोर कोण आहे हे बघून विष मोजत नाही. ६० किलोच्या माणसाच्या अंगात जेवढं विष जातं तेवढंच १२ किलोच्या पोरीच्या अंगात गेलं, तर दर किलोमागे ते पाचपट झालं. शिवाय लहान मुलाला नीट सांगता येत नाही. छातीत धडधडतंय, जीव घाबराघुबरा होतोय, हे तीन वर्षांचं पोर फक्त रडून सांगतं. अंगणवाडीच्या वयाचं मूल रात्री एकाएकी किंचाळून उठलं, रडं थांबेना, घाम आणि उलटी सुरू झाली आणि कारण सापडत नसेल, तर गोधडी झटका, अंथरुणाखाली बघा आणि विंचू डोक्यात ठेवा. नांगीची खूण बहुतेक वेळा दिसतच नाही.

पहिली दहा मिनिटं

आधी मुलाला तिथून उचला. विंचू अजून तिथेच असतो, आणि त्याला शोधायला वाकलेल्या आजीलाही तो चावू शकतो. मग घड्याळ बघा आणि वेळ हातावर पेनाने लिहा. पुढे डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतील.

चावलेली जागा साबण-पाण्याने धुवा. त्या हातापायातलं कडं, बांगडी, वाळे, काळा दोरा लगेच काढा; सूज आल्यावर निघत नाहीत. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं थांबा, असं करत राहा. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं चालेल. उघडा बर्फ कातडीला लावू नका. मूल शुद्धीत असेल आणि उलटी होत नसेल, तर दुखण्यासाठी त्याच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं औषध देता येतं, दर किलोला १५ मिलिग्रॅम. बाटलीवर दर ५ मिलिला किती मिलिग्रॅम आहे ते वाचूनच मोजा, कारण एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

हे चालू असतानाच दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. लहान मुलाच्या बाबतीत "थोडं बघू, मग नेऊ" हा पर्याय ठेवूच नका. लक्षणं नसली तरी न्यायचं, आणि २४ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं.

काय करू नये

दोरी आवळून बांधू नका. विष थांबत नाही, आणि कळ व सूज वाढते. ब्लेडने कापणं, तोंडाने चोखणं, रॉकेल ओतणं, चुन्याचा किंवा पोटॅशियम परमँगनेटचा लेप लावणं, यातल्या कशानेही आत गेलेलं विष बाहेर येत नाही. चिंचोका घासून चिकटवण्याची पद्धत अजून खूप घरांत आहे. तो चिकटतो, पण विष ओढत नाही.

उतारा करणाऱ्याकडे नेल्यावर मूल शांत झालेलं अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांचं पाहणं खोटं नाही. बहुतेक दंशांमध्ये कळ काही तासांत आपोआप ओसरते, मंत्र म्हटला काय नि न म्हटला काय. आणि लाल विंचवाचं विष अंगभर पसरून गंभीर होत असताना चावलेल्या जागी कळ अगदी कमी असू शकते. म्हणजे बाहेर बसलेले नातेवाईक "उतरलं बरं का" म्हणत असतात, तेव्हाच आत हृदयावर ताण चढत असतो. मूल गप्प झालं तर आनंद मानण्याआधी त्याची पावलं चाचपा.

पावलं कशी चाचपायची

आपल्या हाताची मागची बाजू मुलाच्या पोटावर ठेवा, मग तीच बाजू तळपायावर ठेवा. पोट ऊबदार आणि पाऊल गार, ओलसर लागलं तर ही धोक्याची खूण. थंडीत निरोगी मुलाचेही पाय गार असतात, म्हणून दुसरी खूण पडताळा. पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. वेळ लागला, आणि सोबत घाम किंवा उलटी असेल, तर विष अंगात पसरलं आहे असं धरून चाला. वाटेत दर दहा मिनिटांनी हे करायचं आणि वेळेसकट लिहायचं.

समजा, भोर तालुक्यातल्या एका वाडीत ४ वर्षांच्या, १२ किलोच्या मुलीला सरपणाजवळ रात्री ८:४० ला विंचू चावला. ८:५० पर्यंत धुणं, गार फडकं, फोन झाला. ९:०० ला मोठ्याने रडणं, पाय गरम. ९:१५ ला रडणं कमी, एक उलटी, केस घामाने भिजलेले. ९:२५ ला पाय गार, नख गुलाबी व्हायला चार सेकंद. घरच्यांना ९:१५ ला वाटेल की पोरगी सावरतेय, पण कागदावरच्या नोंदी उलटंच सांगतात. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात हा कागद पडला की त्यांचा अंदाज बांधण्यात जाणारा वेळ वाचतो.

नेताना आणि पोहोचल्यावर

मुलाला चालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर ठेवा, खोकला किंवा धाप असेल तर उशाला टेकवून बसतं ठेवा. गाडी नसेल आणि मोटारसायकलच असेल, तर चालवणारा आणि मागचा मोठा माणूस यांच्यामध्ये मुलाला बसवा. मागच्याचा एक हात सतत मुलाच्या छातीवर हवा, म्हणजे श्वास कळतो.

निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून तीन गोष्टी विचारा: डॉक्टर आहेत का, ऑक्सिजन आहे का, प्राझोसिनची साधी गोळी आहे का. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं आणि हृदयावरचा ताण उतरवतं. विंचूदंशावर ते प्रचारात आणलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, १९८०च्या दशकात. त्याआधी कोकणातल्या गंभीर रुग्णांपैकी जवळपास ३० टक्के दगावत असत.

मुलांना प्राझोसिन दर किलोला ३० मायक्रोग्रॅम देतात, म्हणजे वरच्या मुलीला सुमारे ३६० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. ही मात्रा लिहिली ती डॉक्टर काय करताहेत ते कळावं म्हणून. घरी स्वतःहून देऊ नका, कारण औषधाने रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो आणि उठून बसलेलं मूल बेशुद्ध पडू शकतं. मेडिकलच्या दुकानात रक्तदाबासाठी मिळणारी, हळूहळू विरघळणारी ताकदवान गोळी तर मुळीच फोडून देऊ नका.

केंद्रात औषध असेल तर पहिला डोस तिथेच घेऊन मग भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा पुण्यात ससूनला हलवणं बरं. थेट पुणे गाठण्याच्या नादात तास-दोन तास बिनऔषधाचे जातात. विंचवाची प्रतिलस वेगळी असते. सापाची लस विंचवावर चालत नाही. "सलाइन लावाच" असा हट्टही धरू नका. फुप्फुसात पाणी उतरत असताना जास्तीचं सलाइन श्वास आणखी कठीण करतं, म्हणून ते डॉक्टरांना ठरवू द्या.

कळ थांबवण्यासाठी चावलेल्या जागी बधिरतेचं इंजेक्शन दिलं की मूल दोन मिनिटांत झोपी जातं आणि घरचे डिस्चार्ज मागायला लागतात. त्या इंजेक्शनने फक्त जागा बधिर होते. झोपलेल्या मुलाच्या पायावरचं पांघरूण अधूनमधून बाजूला करून पाऊल गरम आहे ना बघा, आणि गार लागलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला उठवा.