घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घेताना या चुका टाळा

समजा, लग्नानंतर तुमचं नाव स्नेहा प्रसाद कुलकर्णी झालं होतं आणि आता पुन्हा स्नेहा विठ्ठल जाधव व्हायचं आहे. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, आणि परतताना घोळ होतो तो बहुतेक वडिलांच्या नावाचाच. शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या पॅनवर स्पेलिंग Vithal असतं, आधारवर Vitthal. राजपत्राचा, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापून आणण्याचा, अर्ज भरण्याआधी सगळी जुनी कागदपत्रं शेजारी ठेवून एकच स्पेलिंग ठरवा. राजपत्रात जे छापून येईल, त्याच्याशीच पुढे सगळे ताडून बघतात.

दुसरी चूक हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशाची. वकिलांनी दिलेली झेरॉक्स नोटरी केली तरी ती प्रमाणित प्रत होत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून शिक्का-सहीच्या दोन-तीन प्रती एकदमच घ्या. हुकूमनाम्यावर बहुधा सासरचंच नाव असतं. म्हणजे घटस्फोट सिद्ध होतो, पण कुलकर्णी आणि जाधव ही एकच बाई, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत लागतोच. त्यामुळे घटस्फोट झाला म्हणून लग्नाचा दाखला टाकून देऊ नका.

‘हुकूमनामा आहे, मग राजपत्र कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पासपोर्टसाठी हुकूमनामा हाच मुख्य पुरावा असतो. बँकेत मात्र अडतं. ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत पुरावा म्हणून लग्नाचा दाखला किंवा राजपत्र यांचाच उल्लेख आहे, हुकूमनाम्याचा नाही. काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग होत नाही. राजपत्राची प्रत पुढे केली की काम होतं.

आधार घाईने बदलू नका. त्यात नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि लग्नानंतर एकदा बदललं असेल, तर एकच संधी उरलेली असते. म्हणून आधी राजपत्र, मग आधार, मग पॅन आणि त्यानंतर बँक. पॅन जुन्या नावाचं आणि खातं नव्या नावाचं, अशी स्थिती मध्ये राहू देऊ नका.

पासपोर्टचा अर्ज ‘रीइश्यू’चा असतो आणि कारण म्हणून वैयक्तिक तपशिलातला बदल निवडायचा. इथे अनेकजणी फक्त नाव बदलतात, पण जोडीदाराचं नाव काढायचं आणि वैवाहिक स्थिती बदलायची राहून जाते. मग सगळं पुन्हा करावं लागतं. परदेश प्रवासाचं तिकीट आधीच काढलेलं असेल, तर प्रवास आटोपूनच अर्ज करा, कारण तिकिटावरचं आणि पासपोर्टवरचं नाव एकच लागतं.

बँकेत नाव बदललं की नॉमिनीही बदलतो, असं समजू नका. नॉमिनीचा फॉर्म वेगळा असतो. तो त्याच दिवशी भरून पोच घ्या, नाहीतर खात्यावर प्रसाद कुलकर्णींचंच नाव राहील.