‘पाल्य’ आधी खोडा: मराठी पालकांसाठी जाहिरात लिहिताना

उदाहरण आमचंच घेते. सातारा-सांगलीकडे सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी गणिताचं अ‍ॅप.

१. पालक नेमका कोण ते ठरवा. ‘सगळे मराठी पालक’ म्हणणार असाल तर पुढचं वाचू नका. आमचे पालक स्वतः मराठी माध्यमात शिकलेले, मुलं सेमीत.

२. मजकूर मराठीतच सुचू द्या. मी इथेच आपटले. पहिलं पत्रक इंग्रजीवरून उतरवलेलं होतं: ‘आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी अत्याधुनिक अध्ययन प्रणाली.’ शाळेच्या फाटकाशी ते एका बाईंच्या हातात दिलं, तर त्यांनी घाबरून विचारलं, “फी राहिलीय का आमची?” त्यांना ती शाळेची नोटीस वाटली. त्यात त्यांची काय चूक? ‘पाल्य’ हा शब्द त्यांना एरवी नोटिशीतच भेटतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ‘किडचा मॅथ्स कॉन्फिडन्स बूस्ट करा’ असं छापलं आणि ते कुणी उलगडूनही पाहिलं नाही.

शेवटी आठवडाभर फाटकाशी उभी राहून नुसती ऐकत होते. होमवर्क, टेस्ट, मार्क, क्लास हे शब्द तिथे मराठीच आहेत. ‘गृहपाठ’ लिहिलंत की तुम्ही लांबचे. पण ‘लर्निंग’, ‘स्किल’ कुणाच्या तोंडी नव्हतं. खरं दुखणंही तिथेच कळलं. एक आई म्हणाली, “गणित येतं हो मला, पण ती डिनॉमिनेटर म्हणाली की माझं तोंड बंद.” त्यावरून नवं पत्रक झालं:

‘तुम्ही शिकलात छेद, मुलं म्हणतात डिनॉमिनेटर. गणित तेच आहे. दोन्ही शब्द शेजारी ठेवून शिकवतो.’

यात आई अडाणी ठरत नाही. ‘घरी शिकवता येत नाही? काळजी सोडा’ असा सूर मी कधीच लावणार नाही; दमून आलेल्या माणसाला तो टोमणा वाटतो. ‘मूल मागे पडेल’ही नको. भीतीपोटी लोक एकदा फोन करतात, मग नंबर ब्लॉक करतात.

बारीकसारीक: ‘आपण’ नको, ‘तुम्ही’. ‘मुलगा’ऐवजी ‘मुलं’ लिहा, म्हणजे मुलीची आई बाहेर राहत नाही. ‘द्या मुलांना संधी’, ‘मिळवा सवलत’ असं क्रियापद पुढे आलं की हिंदी जाहिरातीचा वास येतो. ‘फुकट’ हलकं वाटतं, ‘निःशुल्क’ सरकारी, ‘मोफत’ ठीक.

३. ‘हमखास यश’, ‘१०० टक्के निकाल’ काढून टाका. कोचिंगच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती एकदा वाचा.

४. छापण्याआधी ऑफिसबाहेरच्या एखाद्या आईला मोठ्याने वाचायला लावा. जिथे अडखळेल तो शब्द बदला, तिला अर्थ समजावत बसू नका. आमच्या बाईंनी नवं पत्रक वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, “हे मला झेपंल का?” मुलीबद्दल नव्हे, स्वतःबद्दल.