क्रिएटिन घेऊन लेग डेला जाताना: तयारीची यादी

पायांच्या जड व्यायामानंतरचं दुखणं क्रिएटिन या पूरक भुकटीने कमी होईल असं वाटत असेल, तर पहिलं काम कॅलेंडर उघडण्याचं. पाय भरून आल्यावर क्रिएटिन घेऊन दुखणं उतरत नाही, कारण ते वेदनाशामक नाही. स्नायूंमधला त्याचा साठा आधीच भरलेला असावा लागतो. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं तर त्याला तीन-चार आठवडे लागतात. घाई असेल तर शरीराच्या दर किलो वजनामागे 0.3 ग्रॅम, पाच दिवस. 70 किलोच्या माणसाला हे रोजचे 21 ग्रॅम होतात, म्हणजे दिवसातून चार वेळा साधारण 5 ग्रॅम. सगळं एकदम घेऊ नका, पोट बिघडतं. क्रिएटिनचा मोनोहायड्रेट हा साधा प्रकार पुरेसा आहे. वजन किलोभर वाढलं तर ते बहुतेक पाणी असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता अपेक्षा ठरवा, माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचं. 2009 च्या एका प्रयोगात व्यायामाची सवय नसलेल्या 14 पुरुषांकडून वजन सावकाश खाली सोडण्याचे पायांचे जड व्यायाम करून घेतले. क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद पुढच्या दिवसांत लवकर परतली. मात्र 2007 मध्ये वजनं उचलण्याची सवय असलेल्या 22 पुरुषांना स्क्वॉट करायला लावले, तेव्हा ताकदीत फरक दिसला नाही आणि दुखण्यातही नाही. दोन्ही गट लहान. तरी तुम्ही नियमित व्यायाम करत असाल तर दुसरा निकाल तुमच्या जास्त जवळचा आहे. ताकद परतणं आणि दुखणं थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात असू द्या.

वही जवळ ठेवा. सेशननंतर 24, 48 आणि 72 तासांनी खुर्चीत बसताना-उठताना मांड्या किती दुखतात ते शून्य ते दहामध्ये लिहा, आणि त्याच वेळी ठरावीक वजनाचे स्क्वॉट किती निघाले तेही. एक फसगत इथे नेहमी होते. पहिला लेग डे क्रिएटिनविना केला, दुखणं आठवर गेलं. तीन आठवड्यांनी तोच व्यायाम क्रिएटिन घेऊन केला, दुखणं चारवर आलं. श्रेय डब्याला मिळतं. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू दुसऱ्या वेळी तसाही कमीच दुखतो, आणि हा बचाव कित्येक आठवडे टिकतो. म्हणून तुलना करायचीच असेल तर आधी दोन-तीन लेग डे क्रिएटिनविना करा, आकडा स्थिरावू द्या, मग सुरू करा.

सेशनच्या दिवशी सेट नेहमीपेक्षा थोडेच वाढवा. दुखणं कमी ठेवायला याचा उपयोग डब्यापेक्षा जास्त होतो. त्यानंतर लघवी काळपट तपकिरी झाली, मांड्या सुजून कडक झाल्या किंवा दुखणं दिवसेंदिवस वाढतच गेलं, तर वही मिटा आणि लगेच रुग्णालय गाठा. क्रिएटिन घेताय हे तिथे सांगा, कारण मूत्रपिंडाच्या तपासणीत पाहतात ते रक्तातलं क्रिएटिनिन त्याने थोडं वाढलेलं दिसू शकतं.